CO2 वाढलाय, पण आजचा की जुना?

प्रश्न: इंटर्न आहे. एबीजीत pH 7.28, PaCO2 70, HCO3 32 आलं. रेस्पिरेटरी ॲसिडोसिस कळतो, पण ॲक्यूट की क्रॉनिक कसं ठरवायचं?

उत्तर: बायकार्बोनेटकडे बघ, तो घड्याळासारखा आहे. CO2 अचानक वाढला तर दर 10 मिमीमागे HCO3 जेमतेम 1 ने वाढतो. किडनीला 3 ते 5 दिवस मिळाले तर साधारण 4 ने. तुझ्या पेशंटचा CO2 40 वरून 70 म्हणजे 30 ने चढलाय. सगळं आजचंच असतं तर HCO3 27 च्या आसपास आणि pH 7.21 पर्यंत आला असता. सगळं जुनं असतं तर HCO3 36 च्या जवळ. 32 मधेच अडकलाय, म्हणजे जुन्या आजारावर नवा झटका. आमच्या मुंबईच्या वॉर्डात वर्षानुवर्षं बिडी ओढणारे काका पावसाळ्यात छातीत कफ भरून येतात, त्यांचं चित्र हुबेहूब असंच.

पण नुसत्या आकड्यांवर विसंबू नकोस. उलट्या झाल्या असतील किंवा लघवीची गोळी चालू असेल तर HCO3 त्यामुळेही वाढतो, आणि पूर्ण ॲक्यूट केस अशीच दिसते. म्हणून नातेवाइकांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतला जुना रिपोर्ट शोध. बरा असतानाही HCO3 30 च्या वर असेल तर शंका मिटली.

तोवर ऑक्सिजन भरमसाट सोडू नकोस, सॅच्युरेशन 88 ते 92 टक्के ठेव. आणि सीनियरला आत्ताच बोलव: pH 7.35 च्या खाली आहे, बायपॅप लागेल.