लातूर ते संभाजीनगर, शेजारच्या सीटवर वडील

प्रश्न : मी महिन्यातून एकदा गावी जातो, पण वडिलांशी पाऊसपाणी आणि तब्येत यांपलीकडे बोलणे होत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना डोळे तपासायला लातूरहून संभाजीनगरला गाडीने न्यायचे आहे. सहा तास आम्ही दोघेच असू. मनात पुष्कळ साचले आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : याच रस्त्याने गेलेल्या एका बापलेकाची हकिगत त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगतो. मुलगा पस्तिशीतला, पुण्यात नोकरी करणारा. वडील औसा तालुक्यातले शेतकरी, ज्यांना तो आप्पा म्हणतो. माझ्याकडे आला तेव्हा त्याने मोबाइलवर तक्रारींची लांबलचक यादी लिहून आणली होती आणि ती प्रवासात एकेक करून विचारण्याचा त्याचा बेत होता. दोन गोष्टी त्याला विशेष सलत होत्या. पाचवीला त्याला लातूरच्या वसतिगृहात ठेवले, तो एकुलता एक मुलगा असूनही. आणि आप्पा घरात कधी झोपलेच नाहीत, थंडीतसुद्धा त्यांची बाज अंगणात असे. 'आमचा सहवासच त्यांना नको होता', असा अर्थ त्याने लहानपणी लावला होता आणि तोच तो आजवर बाळगून होता.

गाडीत बोलणे सोपे जाते, याचे कारण साधे आहे. दोघांची नजर रस्त्यावर असते, समोरासमोर बसून डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि मध्ये शांतता पसरली तरी ती खटकत नाही. पण चालत्या गाडीतून उठून जाता येत नाही, हेही तितकेच खरे. घरात नकोसा विषय निघाला की आप्पा गोठ्याकडे निघून जात. गाडीत ती सोय नव्हती. म्हणून मी त्याला यादी बाजूला ठेवायला लावली, एकच प्रसंग निवडायला सांगितला, आणि आप्पांनी विषय बदलला तर तो बदलू द्यायचा, असे आम्ही ठरवले.

प्रश्नाची घडण हा यातला सर्वांत नाजूक भाग होता. 'तुम्ही मला वसतिगृहात का ठेवलंत?' असे विचारले की समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यासारखे वाटते, आणि मग उत्तरात खुलासा येतो किंवा राग येतो. त्याऐवजी त्याने विचारायचे होते, 'मला वसतिगृहात सोडायला आला होतात, तो दिवस तुम्हाला आठवतो का?' आठवण सांगताना माणसाला स्वतःचा बचाव करावा लागत नाही.

अंबाजोगाईपर्यंत आप्पा सोयाबीनच्या भावावर बोलत राहिले. पुढे मांजरा धरणाचा विषय निघाला, २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्याचा निघाला. मुलाला हे सगळे वेळ घालवणे वाटत होते, पण गप्प माणूस बोलता होतो तो अशाच बिनधोक विषयांवरून, आणि तिथे घाई केली की पुढचे दार बंद होते. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड मागे पडेपर्यंत त्याने प्रश्न काढला नाही. घाटात लक्ष गाडीवरच हवे, हे मी मुद्दाम बजावले होते.

प्रश्न ऐकून आप्पा गप्प झाले. त्यांनी काच खाली केली, पुन्हा वर घेतली. गेवराई जवळ आली तरी शब्द नाही. एवढा वेळ दम धरणे मुलाला सर्वांत कठीण गेले, असे त्याने मला नंतर सांगितले. मग आप्पा म्हणाले, "तिथं स्लॅब हुता. आपल्याकडं माळवद."

मुलाला आधी काहीच उलगडले नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीच्या माळवदाचा भार, अशी त्या भागातली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्याची थोरली बहीण त्या भूकंपात गेली, एवढे त्याला माहीत होते. ती किल्लारीजवळ आजोळी गणपती पाहायला गेली होती, हेही माहीत होते. तिला तिथे कोणी सोडले, हे मात्र घरात कधीच कोणी उच्चारले नव्हते.

"लई हट्ट धरला हुता पोरीनं. म्याच सोडून आलो," आप्पा म्हणाले.

अशा वेळी कोणत्याही मुलाच्या तोंडून 'जाऊ द्या आप्पा, तुमची काय चूक त्यात' असे वाक्य येते. त्यात माया असते, पण ऐकणाऱ्याला त्यातून 'पुरे करा' असेच ऐकू येते. आमच्या तयारीत ठरल्याप्रमाणे त्याने फक्त त्यांचेच शब्द परत म्हटले, "तुम्हीच सोडून आला होतात." त्यानंतर आप्पा बोलत राहिले. त्यांच्या स्वतःच्या घराला भेगा पडल्या होत्या, पण ते उभे राहिले होते आणि डागडुजी करून माणसे त्यातच राहत होती. त्या माळवदाखाली त्यांना झोप लागत नसे आणि मुलाला तिथे झोपलेले पाहवतही नसे. म्हणून पक्क्या छताचे वसतिगृह.

त्यांचा आवाज कापू लागला तेव्हा मुलाने शहागडला गोदावरीचा पूल येण्याआधीच एका ढाब्यावर गाडी थांबवली. डोळे भरून आले असता गाडी चालवायची नाही, हेही ठरलेलेच होते. चहा घेताना त्याने स्वतःचे एकच वाक्य सांगितले : "मला वाटायचं, मी तुम्हाला नकोसा झालोय." आप्पांनी त्यावर काहीही उत्तर दिले नाही. बशीतला चहा संपवून, उशीर होतोय म्हणत ते गाडीत जाऊन बसले. दिवाळीत मात्र त्यांनी नातीला तिच्या आत्याचे नाव सांगितले, जे त्या घरात त्याआधी कोणी घेत नव्हते. बाज अजूनही अंगणातच आहे, आणि ती आत आणण्याचा आग्रह कोणी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमच्या बाबतीत बोलणे जातानाच काढा. तपासणीत बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले तर पुढचे काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे धूसर दिसते. परतीला वडील त्रासलेले असतील. मुक्कामाच्या आधी तासभर तरी शिल्लक राहील अशा बेताने विषय काढा, कारण अर्धवट बोलणे घेऊन दवाखान्याच्या रांगेत बसणे दोघांनाही जड जाते. जुनी घटना सांगताना वडील ती आत्ताच घडते आहे असे बोलू लागले, श्वास जोरात चालू लागला किंवा हात थरथरू लागले, तर आणखी खोदू नका. गाडी थांबवा, खाली उतरवा, पाणी द्या आणि समोर दिसते आहे त्याविषयी बोला. त्यानंतरही आठवडे उलटून झोप येत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून मोफत सल्लाही मिळतो. आणि तुमच्या घरात पूर्वी मारहाण किंवा दारूचा त्रास झालेला असेल, तर हा विषय बंद गाडीत काढू नका; आधी एकटे येऊन भेटा.