बॉयलर अटेंडंटांच्या पत्रिकेत काय छापावे?

प्रश्न: "रबाळे-महापे पट्ट्यातल्या आम्हा बॉयलर अटेंडंटांसाठी स्वतःची पत्रिका नाही. सुरू केली तर तिची कल्पना काय असावी?"

माझ्या मते प्रत्येक अंकात पाळीत घडलेला आणि थोडक्यात निभावलेला एकच प्रसंग, तो ज्याच्यावर ओढवला त्याच्या शब्दांत, सविस्तर छापावा. परीक्षेची पुस्तके बाजारात मिळतात. परंतु रात्रपाळीत नेमके काय चुकले हे नोकरीच्या भीतीने लॉगबुकातही लिहिले जात नाही. विमानवाहतुकीतील हीच अडचण ओळखून अमेरिकेत १९७६ पासून नासा ही त्रयस्थ संस्था वैमानिकांचे असे अहवाल स्वीकारते, त्यांतील नावे काढून टाकते आणि निवडक प्रसंग 'कॉलबॅक' या छोट्या मासिक पत्रिकेत छापते.

आपल्याकडचा प्रसंग कसा असेल, हे एका सहकाऱ्याच्या अनुभवावरून सांगतो. पहाटे गेज ग्लासमधील पाणी अर्ध्यावर होते, पण एरवी किंचित हलते तसे ते अजिबात हलत नव्हते. शंका आल्याने त्याने ग्लास ब्लो केली. ड्रेन कॉक बंद करताच जे पाणी झटकन वर यायला हवे, ते संथपणे चढू लागले, म्हणजेच पाण्याकडील मार्ग गाळाने तुंबला होता. दुसऱ्या ग्लासमध्ये पाणी दिसतच नव्हते. त्याने ताबडतोब फायरिंग बंद केले आणि तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडू नये म्हणून फीड पंप मुद्दाम सुरू केला नाही. लो-लेव्हल अलार्म का वाजला नाही, याचे उत्तर नंतर मिळाले: त्याच्या सेन्सर चेंबरचा ब्लोडाउन कित्येक दिवस झालेला नव्हता आणि तिथेही गाळच साचला होता.

हा मजकूर ए-फोर कागद मधोमध दुमडून होणाऱ्या चार पानांत बसतो, आणि तो खिशात राहतो. पहिली दोन पाने प्रसंगाला द्यावीत, तिसऱ्यावर एखाद्या ज्येष्ठ अटेंडंटाने कारणमीमांसा करावी आणि चौथे मागील अंकावरील वाचकांच्या हरकतींसाठी ठेवावे.

खरी कसोटी गोपनीयतेची आहे. आपल्या पट्ट्यात बॉयलरची क्षमता, इंधन आणि महिना एवढ्यावरूनही कारखाना ओळखता येतो. म्हणून नावासोबत हे तपशीलही गाळावेत, मजकूर तीन-चार महिने थांबवून छापावा आणि मूळ कागद लिहिणाऱ्याला परत करावा. घटनांचा क्रम मात्र बदलू नये, कारण शिकण्यासारखे त्यातच असते.

सहा प्रसंग हाती आल्याशिवाय पहिला अंक काढू नका. ते जमत नसतील, तर अजून लोकांचा विश्वास बसलेला नाही, आणि तशा वेळी पाने सत्कारांच्या छायाचित्रांनी भरली जातात. पाणी-शुद्धीकरणाची रसायने विकणाऱ्यांच्या जाहिराती घेऊ नयेत, असेही माझे स्पष्ट मत आहे. गाळ आणि क्षार यांवरचे प्रसंग वारंवार येणार, आणि ते छापताना संपादकाचा हात अडखळता कामा नये.