दुष्काळाचा पैसा निंदणाच्या वेळी का येतो? स्वयंचलित स्थिरक आणि धोरणातला विलंब

प्रश्न: मी एमपीएससीचा अभ्यास करतो, गाव दारव्हा तालुक्यात. पुस्तकात आहे की राजकोषीय धोरणाचा अंतर्गत विलंब मोठा आणि बाह्य विलंब लहान असतो. मग आमच्याकडे दुष्काळाची मदत पुढच्या पावसाळ्यात पोचते, तो कोणता विलंब? आणि स्वयंचलित स्थिरक खेड्यात दिसतात तरी कुठे? प्राप्तिकर तर इथे कोणी भरत नाही.

उत्तर:

भाऊ, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. स्वयंचलित स्थिरक म्हणजे उत्पन्नातले चढउतार आपोआप कमी करणारी व्यवस्था. पुस्तकांत तिचं पहिलं उदाहरण प्रगतिशील प्राप्तिकराचं असतं. उत्पन्न घटलं की माणूस खालच्या टप्प्यात येतो, कर उत्पन्नापेक्षा वेगाने घटतो, त्यामुळे हाती उरणारा पैसा उत्पन्नाइतका घटत नाही. त्यासाठी कोणाला बैठक घ्यावी लागत नाही. नागपूरच्या पगारदाराला हे लागू पडतं. पण शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून वगळलेलं आहे आणि मजुराची कमाई कराच्या मर्यादेला शिवत नाही. म्हणजे कापूस बुडाला तर कराच्या बाजूने गावाला काहीच आधार नाही. जुना शेतसारा तर याच्या नेमका उलट वागायचा. रक्कम ठरलेली, पीक येवो न येवो, आणि सूट हवी तर वरून हुकूम निघायला हवा.

खेड्यातला स्थिरक खर्चाच्या बाजूला आहे आणि तो महाराष्ट्रानेच घडवला. १९७२-७३च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला गेले. त्याआधीच वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडलेली होती. तिला १९७७मध्ये कायद्याचं रूप मिळालं आणि १९७९च्या २६ जानेवारीपासून तो अमलात आला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, काम 'मागितलं की' द्यायचं होतं. कोणाला द्यायचं हे सरकारने ठरवायचं नव्हतं. शेतात काम असेल तेव्हा कोणी रोहयोवर येत नाही, शेत बसलं की रांग लागते, म्हणून खर्च आपोआप वाढतो आणि आपोआप उतरतो. दुसरी, पैशाची सोय आधीच केलेली होती. १९७५चा व्यवसाय कर याच योजनेसाठी बसवला, म्हणून शहरातल्या पगारातून दर महिन्याला कापलेला पैसा खेड्यातल्या मजुरीसाठी राखून ठेवता येत होता. निर्णय आणि निधी दोन्ही संकटाच्या आधी तयार. स्थिरकाला 'स्वयंचलित' म्हणायचं कारण एवढंच की त्याचा निर्णय आधीच झालेला असतो.

आता स्वेच्छाधीन मार्ग बघा, म्हणजे संकट आल्यावर सरकारने निर्णय घ्यायचा तो. मी पंचायत समितीच्या रोहयो शाखेत बरीच वर्षं काढली, त्यामुळे हे कॅलेंडर मला पाठ आहे. समजा ऑगस्टमध्ये पावसाने चार आठवड्यांचा खंड दिला. सोयाबीनच्या शेंगा भरल्या नाहीत, पऱ्हाटीची पातेगळ झाली. शेतकऱ्याला हे सप्टेंबरातच कळतं. मजुराला त्याहून आधी कळतं, कारण डवरणी-निंदणाची बोलावणी थांबतात. सरकारला मात्र ते पैसेवारीतून कळतं, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं या सरकारी अंदाजातून. नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि आपल्या विभागात अंतिम पैसेवारी ३१ डिसेंबरला. ५० पैशांच्या खाली गेलं तर टंचाईचा विचार. हा झाला ओळखण्याचा विलंब. त्यानंतर शासन निर्णय, निकष, निधीची पुरवणी मागणी, हा ठरवण्याचा विलंब. मग पंचनाम्याच्या याद्या, आधार जुळवणी, बँकेकडे पाठवणी, हा अंमलाचा विलंब. तिन्ही मिळून अंतर्गत विलंब होतो. तुम्ही विचारलेली मदत याच तीन ठिकाणी अडकते.

एका वर्षी आमच्या तालुक्यात हे सगळं होऊन पैसा जुलैत खात्यांवर आला. एक मजूर बाई मला म्हणाल्या, "साहेब, वेचणीच्या दिवसांत पोरायले घेऊन उपाशी बसलो. आता पैसे आले तं निंदनाले बायाच भेटत नाहीत म्हून पाटील दारी येते." त्यांचं म्हणणं मी एका कागदावर आकड्यांत मांडलं होतं, तेच इथे देतो. आकडे मी बसवलेले आहेत, गणित समजावं म्हणून.

गावाची नेहमीची मजुरी दर तिमाहीला १०० धरा. दुष्काळात ऑक्टोबर-डिसेंबरला ती ५५ होते, कारण वेचणीच नाही. जानेवारी-मार्चला ६०, एप्रिल-जूनला ८०, आणि पुढचा पाऊस चांगला झाला तर जुलै-सप्टेंबरला पुन्हा १००. सर्वांत खालच्या आणि वरच्या तिमाहीतलं अंतर ४५. आता ६०ची मदत द्यायची आहे. ती मागणीप्रमाणे २५, २० आणि १५ अशी पहिल्या तीन तिमाहींत गेली, तर आकडे ८०, ८०, ९५, १०० होतात आणि अंतर २०वर येतं. तीच ६० एकरकमी जुलैत आली तर ५५, ६०, ८०, १६० असं होतं. अंतर १०५. रक्कम तीच, पण चढउतार दुपटीहून जास्त झाला. त्या कुटुंबांना पैसा मिळाला, तो त्यांच्या हक्काचा होता, सावकाराचं देणंही त्यातून फिटलं असेल. पण स्थिरीकरण म्हणून त्या पैशाने उलटं काम केलं. ज्या महिन्यांत गाव बाहेर पडलं आणि पोरं शाळेतून निघाली, ते महिने परत येत नाहीत.

मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३मध्ये हेच संख्याशास्त्राच्या भाषेत दाखवलं होतं. धोरणाच्या वेळेचा आणि मंदी-तेजीचा काहीच संबंध नसेल, तर धोरणाने एकूण चढउतार वाढतातच. धोरणाचा आकार मूळ चढउताराएवढा असेल, तर दोघांचा सहसंबंध उणे ०.५च्याही खाली असावा लागतो, तेव्हाच ते कमी होतात. म्हणजे पॅकेज जितकं मोठं, तितकी वेळ अचूक साधावी लागते.

पुस्तकातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याबद्दल, म्हणजे बाह्य विलंब लहान असतो याबद्दल, मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. बाह्य विलंब म्हणजे निर्णय अमलात आल्यापासून त्याचा परिणाम बाजारात दिसेपर्यंतचा काळ. तो साधनागणिक बदलतो. मजुरी खात्यात पडली की आठवडी बाजाराच्या दिवशीच ती किराणा दुकानात दिसते. कर्जमाफीचं तसं नाही. माफीने हातात रोख येत नाही, खातं मोकळं होतं. त्याचा उपयोग नवं पीककर्ज मिळेल तेव्हा, आणि ते पेरणीच्या तोंडावरच लागतं. २०१७ची राज्याची कर्जमाफी आठवा. घोषणा २४ जूनला, मग ऑनलाइन अर्ज आणि छाननी, पहिली प्रमाणपत्रं १८ ऑक्टोबरला. त्या खरिपाची पेरणी तोवर कधीच उरकली होती, त्यामुळे तिचा परिणाम पुढच्या हंगामावर ढकलला गेला. सिंचन प्रकल्पाचा विलंब तर पिढ्यांत मोजायचा. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८मध्ये झालं. २००६च्या जुलैत विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झालेल्या ३,७५० कोटींच्या पॅकेजमध्ये सर्वांत मोठा वाटा सिंचन प्रकल्पांचा होता. प्रकल्प हवेत, त्याबद्दल माझा वाद नाही. पण त्या वर्षी खचलेल्या घराला त्या वर्षी उभं करायचं काम कालव्याकडून होत नाही.

स्वेच्छाधीन निर्णय नेहमीच उशिरा येतो असंही समजू नका. २००८च्या १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स कोसळली आणि ७ डिसेंबरला केंद्राने उत्पादन शुल्क ४ टक्के-बिंदूंनी उतरवलं. तीन महिन्यांच्या आत, कारण अधिसूचनेने दर बदलायचा अधिकार आधीपासून हातात होता. अडचण परत घेताना आली. अंशतः वाढ व्हायला फेब्रुवारी २०१०चा अर्थसंकल्प उजाडला. दिलेली सवलत काढून घेणं कोणत्याही सरकारला जड जातं. रोहयोत हा प्रश्नच येत नाही, पाऊस पडला की मजूर आपसूक शेताकडे वळतात.

आता स्थिरक अडतो कुठे, ते सांगतो. २००५च्या केंद्रीय कायद्यात मागणीपासून १५ दिवसांत काम, नाही तर बेरोजगार भत्ता, आणि हजेरीपत्रक बंद झाल्यापासून १५ दिवसांत मजुरी, असं स्पष्ट होतं. प्रत्यक्षात मजूर तोंडी मागायचे आणि तारखेची पोच मिळायची नाही. पोच नाही म्हणजे मागणीच नाही, म्हणून भत्ताही नाही. दुसरं, सेल्फवर, म्हणजे आधीच मंजूर करून ठेवायच्या कामांच्या यादीत, कामंच नसायची. मागणी आल्यावर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता सुरू केली तर स्वयंचलित योजनेतही स्वेच्छाधीन योजनेचाच विलंब शिरतो. ज्या ग्रामपंचायतीने उन्हाळ्यातच शेततळं, बांधबंदिस्ती, पांदण रस्त्याची कामं मंजूर करून ठेवली, तिथे ऑक्टोबरात आठवड्यात मस्टर निघालेलं मी पाहिलं आहे.

तिसरा अडथळा निधीचा. २०२०-२१च्या अर्थसंकल्पात मनरेगाला ६१,५०० कोटी होते. टाळेबंदीत शहरांतून माणसं परतली, मागणी उसळली, तेव्हा मे महिन्यात ४०,००० कोटी वाढवून द्यावे लागले आणि वर्षात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. मागणी आपोआप वाढली, तिजोरी मात्र कोणीतरी ठरवल्यावरच उघडली. म्हणूनच डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मंजूर केलेल्या रोजगार हमीच्या नव्या कायद्याकडे मी काळजीने बघतो. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, ही चांगली गोष्ट. पण राज्याला किती निधी ते केंद्र आधी ठरवणार आणि त्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसायचा. दुष्काळात राज्याचं स्वतःचं उत्पन्न आणि कर्जाची मर्यादा दोन्ही आवळलेली असतात. नेमक्या त्याच वर्षी वरचा खर्च राज्यावर पडला, तर मागणी असूनही काम निघणार नाही.

स्थिरकाची एक मर्यादाही लक्षात ठेवा. तो घसरण कमी करतो, भरून काढत नाही. वरच्या उदाहरणातही गाव ५५ वरून ८०वर आलं, १००वर नाही. बोंडअळीने पीकच गेलं किंवा भाव कोसळला, तर पाच एकरवाल्याची बुडालेली लागत मजुरीतून निघत नाही. तिथे खास निर्णयाची गरज आहेच.

तुम्हाला उत्तरपत्रिकेपलीकडे हे समजून घ्यायचं असेल, तर आपल्या गावच्या एका टंचाईच्या वर्षाच्या तारखा काढा. पावसाचा खंड कधी पडला, पैसेवारी कधी जाहीर झाली, शासन निर्णय कधी निघाला, पैसा खात्यात कधी आला. त्यांच्याच शेजारी रोहयोच्या पहिल्या मागणीची, पहिल्या मस्टरची आणि पहिल्या मजुरीची तारीख लिहा. तारखा मिळाल्या तर इथे टाका, कोणत्या टप्प्यात किती दिवस गेले ते आपण मिळून मोजू.