सीटी ‘नॉर्मल’ आला, मग एमआरआयमध्ये झटका कुठून निघाला?

प्रश्न: “खानापूर तालुक्यातून लिहितोय. वडील ६४ वर्षांचे. पहाटे ५ला उठले तर गरगरत होतं, उलट्या सुरू झाल्या, चालताना डावीकडे झुकत होते. पित्त समजून ११ पर्यंत घरीच थांबलो, मग बेळगावला नेलं. सीटी केला, ‘नॉर्मल’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी एमआरआय केला तर लहान मेंदूत झटका येऊन गेलाय म्हणाले. आता तिसऱ्या दिवशी परत सीटी करायला सांगतायत. पहिला सीटी चुकीचा होता का? आणि एमआरआय झाल्यावर परत सीटी कशाला? काका, तुम्ही स्कॅनिंगमध्ये होता म्हणून विचारतोय.”

उत्तर:

पहिला सीटी चुकीचा नव्हता. त्या कागदावरच्या ‘नॉर्मल’चा अर्थ मात्र तुम्हाला कुणी फोडून सांगितलेला दिसत नाही. मी डॉक्टर नाही. बेळगावात बावीस वर्षं सीटीच्या आणि पुढे एमआरआयच्या खोलीत टेक्निशियन होतो. औषधाचं तुमच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारा, फोटोचं मी सांगतो.

सीटी म्हणजे शेवटी एक्स-रेच. नळी डोक्याभोवती फिरते आणि मेंदूतल्या कुठल्या ठिकाणी किरण किती अडले, याचा कॉम्प्युटर हिशोब मांडतो. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाण्याला ०, हवेला उणे १०००, कवटीच्या टणक हाडाला हजाराच्या आसपास किंवा वर. मेंदू ३० ते ४०च्या आसपास आणि ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८०. आम्ही मेंदू बघताना पडद्यावर ० म्हणजे काळा आणि ८० म्हणजे पांढरा असं लावून ठेवतो. त्यामुळे मेंदू करडा दिसतो आणि ताजं रक्त पांढरंफेक उठून दिसतं. नवशिक्या मुलालाही दिसतं.

तुमच्या वडिलांसारखा पेशंट आला की डॉक्टरांना पहिली एकच गोष्ट हवी असते: रक्तस्राव आहे की नाही. कारण वरून दोन्ही सारखेच. रक्तवाहिनी फुटली तरी गरगरतं, उलटी होते, तोल जातो. तुंबली तरी तेच. उपचार मात्र उलटे. तुंबलेल्याला रक्त पातळ करायचं, फुटलेल्याला तेच औषध दिलं तर माणूस हातचा जाईल. हे ठरवायला सीटीला काही सेकंद लागतात, टेबलावर चढवण्या-उतरवण्यासकट पाच-सात मिनिटं. म्हणून पहिल्या सीटीचं ‘नॉर्मल’ म्हणजे ‘रक्तस्राव नाही’. ‘झटका नाही’ असं तो सांगत नव्हता.

मग तुंबलेला भाग त्यात का दिसला नाही? रक्त बंद झालेल्या जागेत हळूहळू पाणी शिरतं आणि तिथला आकडा खाली येतो. पण सुरुवातीला तो दोन-चारनेच उतरतो. समजा ३५चा ३२ झाला. करड्यातला हा फरक डोळ्याला पकडणं कठीण. पहिल्या काही तासांत सीटी अगदी साफ दिसणं नेहमीचंच आहे.

त्यात वडिलांचा झटका लहान मेंदूत, म्हणजे सीटीच्या सगळ्यात अवघड कोपऱ्यात. दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला जे हाड असतं ते शरीरातल्या सगळ्यात टणक हाडांपैकी. किरण त्यातून जाताना त्यातले मऊ किरण तिथेच गळून पडतात आणि नुसते कडक पलीकडे निघतात. कॉम्प्युटर मात्र सगळे सारखेच समजून हिशोब करतो. हिशोब चुकला की एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत काळे-करडे पट्टे उमटतात, ओल्या पाटीवर बोटं फिरवल्यासारखे. लहान मेंदू आणि मेंदूचा देठ नेमके त्याच पट्ट्यांच्या शेजारी. तुमच्याकडच्या फिल्मवर कानांच्या पातळीचे काप उजेडासमोर धरून बघा, हे पट्टे तुम्हालाही दिसतील.

आता एमआरआय. यात एक्स-रे नसतो, आणि हाड किती टणक याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. मोठ्या चुंबकात माणसाला घालून शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला रेडिओलहरींनी हलवायचं आणि तो परत जागेवर येताना जो संदेश देतो तो ऐकायचा. म्हणजे सीटी विचारतो, इथे किरण किती अडले. एमआरआय विचारतो, इथलं पाणी कसं वागतंय. म्हणूनच एकाच मेंदूचे फोटो इतके वेगळे. सीटीत कवटी पांढरीशुभ्र, एमआरआयमध्ये ती काळी, कारण टणक हाडात हलतं पाणी जवळजवळ नाहीच. मेंदूभोवतीचं पाणी सीटीत काळं. एमआरआयमध्ये ते एका फोटोत काळं, दुसऱ्यात पांढरं, तिसऱ्यात मुद्दाम पुसलेलं. पेशंटचे लोक विचारायचे, ‘एकाच डोक्याच्या इतक्या फिल्मा का?’ प्रत्येक फोटोत पाण्याला वेगळा प्रश्न विचारलेला असतो, म्हणून.

त्यातला वडिलांच्या कामाचा फोटो म्हणजे डिफ्यूजन. रिपोर्टमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ असं लिहिलेलं असेल. एरवी पेशींच्या मधल्या फटींतून पाण्याचे कण मोकळे फिरत असतात. रक्त बंद झालं की पेशीचा पंप बंद पडतो, पाणी पेशीत घुसतं, पेशी फुगतात आणि मधल्या फटी चेंगरतात. सणाच्या तोंडावर गणपत गल्लीत दोन्ही बाजूंचे दुकानदार माल रस्त्यावर मांडतात तेव्हा मधल्या माणसाचं काय होतं, तेच त्या पाण्याचं होतं. माणसं तितकीच, पाय टाकायला जागा नाही. अडकलेलं पाणी या फोटोत दिव्यासारखं पांढरं चमकतं, आणि बहुतेक वेळा झटक्यानंतर मिनिटांतच चमकायला लागतं. सीटीला जो फरक दिसायला तास लागतात तो इथे लगेच. हा एक फोटो घ्यायला मिनिट-दोन मिनिटं पुरतात.

झटका ताजा की जुना हेही यातूनच कळतं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वय झालेल्या माणसाच्या मेंदूत जुने, कधी कळलेही नसलेले डाग असतात. डिफ्यूजनसोबत एडीसी नावाचा जोडफोटो निघतो. तीच जागा पहिल्यात पांढरी आणि दुसऱ्यात काळी असेल तर ताजं. दोन्हीकडे पांढरी असेल तर जुन्या डागाची नुसती सावली. जोडफोटोतला काळेपणा साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरतो. तरी एमआरआय म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. लहान मेंदू आणि देठाच्या झटक्यात पहिल्या काही तासांत हा फोटोसुद्धा साफ येऊ शकतो. लक्षणं बोलत असतील तर डॉक्टर दोन दिवसांनी तो परत काढतात.

मग पहिल्यांदाच एमआरआय का नाही, असं तुम्ही म्हणाल. ओकाऱ्या होणाऱ्या माणसाला अरुंद नळीत वीस-पंचवीस मिनिटं उताणा झोपवून बघा. उलटी घशात गेली तर बाहेर काढेपर्यंत जीव वर-खाली. हलला तर फोटो फिसकटला. शिवाय त्या खोलीत साधा ऑक्सिजनचा सिलिंडर न्यायची सोय नाही, कारण चुंबक चोवीस तास चालू असतं.

आणि आपल्या बेळगावात एक खास भानगड. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, लेथवर, ग्राइंडरवर आयुष्य घालवलेली माणसं. एकदा असाच एक टर्नर आला होता. ‘अंगात धातू आहे का?’ या फॉर्मवरच्या प्रश्नाला मुलानं ‘नाही’ म्हणून खूण करून टाकलेली. मी सवयीनं विचारलं, ‘मामा, डोळ्यात कधी कीस गेला होता का?’ ‘दोनदा. एकदा डॉक्टरांनी काढला, एकदा आपला आपण गेला.’ तो आपला आपण गेलेला मला काही पटेना. डोळ्याचा एक्स-रे काढला, बुबुळामागे पांढरा ठिपका. लोखंडाचा तो कण चुंबकात सरकला तर आतून डोळा कापतो, दृष्टी जाऊ शकते. त्यांचा एमआरआय रद्द झाला आणि सीटीवरच भागवलं. तुमच्या वडिलांनी वेल्डिंग-ग्राइंडिंग केलं असेल, पेसमेकर असेल, मेंदूच्या रक्तवाहिनीला जुनी क्लिप असेल, तर पुढच्या एमआरआयआधी न विचारताच सांगा. गुडघ्यात बसवलेल्या सांध्यानं सहसा अडत नाही, तरी तेही सांगा.

घरी थांबण्याबद्दल एवढंच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि ते घड्याळ माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. वडील रात्री १०ला बरे झोपले असतील तर पहाटे ५लाच सात तास झाले होते. म्हणजे ५लाच निघाला असता तरी नुसत्या घड्याळावर ते बसत नव्हतं. उठल्यावर झटका लक्षात येतो अशा काहींचा एमआरआय बघून इंजेक्शनचं ठरवतात, पण त्यासाठी तशी सोय लगेच हाताशी लागते.

आता तिसऱ्या दिवसाचा सीटी. झटका कुठे आहे हे एमआरआयनं सांगितलं, ते काम संपलं. आता भीती सुजेची. झटक्याची जागा साधारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त फुगते. मोठ्या मेंदूला थोडी तरी मोकळीक असते. लहान मेंदू मात्र हाडाच्या छोट्या वाटीत बसलेला, आणि त्याच्या पुढ्यातूनच मेंदूतलं पाणी खाली उतरण्याची अरुंद वाट जाते. सूज आली की ती वाट दाबली जाते, पाणी वर तुंबतं आणि मेंदूच्या आतले पाण्याचे कप्पे फुगतात. हे कप्पे सीटीत काळे आणि स्पष्ट दिसतात. इथे करड्यातला बारीक फरक शोधायचा नसतो, दोन दिवसांपूर्वीच्या सीटीशेजारी आजचा ठेवून कप्पे मोठे झाले का एवढंच बघायचं असतं. म्हणूनच पहिली फिल्म आणि सीडी हरवू नका, डॉक्टर तिच्याशीच ताडून बघणार आहेत. किरणांची काळजी वाटत असेल तर डोक्याचा एक सीटी म्हणजे सुमारे २ मिलिसिव्हर्ट, वर्षभरात निसर्गातून आपल्याला मिळतात साधारण तेवढेच. ६४ वर्षांच्या माणसाला या घडीला तो धोका सुजेपुढे काहीच नाही.

तोपर्यंत तुम्ही खाटेजवळ आहात म्हणून सांगतो. वडील नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटले, हाक मारल्यावर उशिरा ओ द्यायला लागले, थांबलेल्या उलट्या परत सुरू झाल्या किंवा डोकं फुटतंय म्हणाले, तर ठरलेल्या वेळेची वाट बघू नका. रात्रीचे २ वाजले असले तरी नर्सला उठवा आणि सीटी आत्ताच करायला सांगा.