‘माहीत असतं तर!’ – आत्ता की तेव्हा?

प्रश्न: ‘मला माहीत असतं तर!’ हे इंग्रजीत ‘आय विश आय न्यू’ की ‘आय विश आय हॅड नोन’? मला दोन्ही सारखीच वाटतात.

सारखी वाटतात ती आपल्या ‘असतं’मुळे. ‘माहीत असतं तर सांगितलं असतं’ हे मराठी वाक्य आज विचारलेल्या प्रश्नालाही चालतं आणि गेल्या वर्षीच्या प्रसंगालाही. काळ आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र तो क्रियापदातच दाखवावा लागतो.

मी एक युक्ती वापरतो. हळहळ बाजूला ठेवून नुसती वस्तुस्थिती मराठीत म्हणून पाहायची. ‘मला माहीत नाही’ असं निघालं तर ‘न्यू’, ‘मला माहीत नव्हतं’ असं निघालं तर ‘हॅड नोन’. म्हणजे वस्तुस्थिती ज्या काळातली असेल, त्याच्या एक पायरी मागचं रूप घ्यायचं. हे मागे सरकणं काळ दाखवण्यासाठी नसतं. गोष्ट खरी नाही, एवढंच ते सांगतं. म्हणून ‘न्यू’ भूतकाळी दिसलं तरी बोलणं आत्ताचंच असतं.

समजा, मैत्रीण आजारी होती आणि ती बरी झाल्यावर तुम्हाला कळलं. वस्तुस्थिती: ‘मला माहीत नव्हतं.’ तेव्हा ‘आय विश आय हॅड नोन’. इथे नुसतं ‘आय विश आय न्यू’ म्हटलंत तर ऐकणारा अडखळेल, कारण ते सहसा ‘निकाल कधी लागणार?’ अशा प्रश्नाचं उत्तर असतं, आपल्या ‘मलाच ठाऊक असतं तर!’सारखं.

घडून गेलेली गोष्ट नको होती असं वाटत असेल तर नकार उलटतो. ‘तू मला सांगितलंस’ ही वस्तुस्थिती, ‘नसतं सांगितलंस तर!’ ही हळहळ: ‘आय विश यू हॅडन्ट टोल्ड मी’. आणि ‘तेव्हा वेळ नव्हता’ याचं ‘आय विश आय हॅड हॅड टाइम’ होतं. दोन ‘हॅड’ पाहून अनेक जण एक खोडतात. खोडलं की तक्रार आजची होते.

‘इफ ओन्ली’लाही हाच नियम, फक्त कळ जास्त. ‘इफ ओन्ली आय हॅड नोन!’ हे आपल्या ‘...असतं तर!’सारखंच अर्ध्यावर सोडता येतं. शब्द उलटे करून ‘ओन्ली इफ’ लिहू नका, त्याचा अर्थ ‘तरच’.

ही युक्ती एका ठिकाणी अपुरी पडते. समोरचा बोलायचा थांबत नाही आणि त्याने थांबावं असं वाटतं, तेव्हा ‘आय विश ही वुड स्टॉप’. या ‘वुड’मध्ये हळहळीपेक्षा वैताग जास्त असतो. तो दुसऱ्यावर काढायचा, म्हणून ‘आय विश आय वुड’ सहसा म्हणत नाहीत. स्वतःबद्दल ‘आय विश आय कुड’.