बिल नेमकं अडकलंय कुठं?

प्रश्न: मी साताऱ्यात घरून ग्राफिक डिझाइनची कामं करतो. दोन क्लायंटचं बिल तीन महिने झाले तरी येत नाही. एक मसालेवाले आहेत, दुसरे लांबचे नातेवाईक. संबंध न बिघडवता पैसे कसे मागायचे? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर:

मी सांगलीत आठ-नऊ वर्षं पॅकेजिंगची डिझाइनं करतोय. हळद, बेदाणा, चटण्या, पापड. म्हणजे तुमचे मसालेवाले माझ्या चांगल्या ओळखीचे, निदान धंद्यानं तरी.

आधी अडकलेल्या बिलाचं बघू. तुम्ही मालकांना व्हॉट्सॲपवर 'सर, पेमेंटचं बघा ना' असं पाठवत असणार आणि तिकडून 'हो, दोन दिवसांत' येत असणार. मीही तेच करायचो. एका हळदवाल्या शेठनी मला २८,००० रुपयांसाठी चार महिने असं झुलवलं, असं मला तेव्हा वाटत होतं. विश्रामबागेत एका दुकानात माझ्याच डिझाइनची हळदीची पुडी विकत घेतली त्या दिवशी तर डोकंच फिरलं. माल बाजारात आला, गिऱ्हाइकानं पैसे मोजले, आणि माझे कुठायत?

रागानं भांडायला म्हणून मार्केट यार्डातल्या त्यांच्या गाळ्यावर गेलो. शेठ सौद्याला गेले होते, गादीवर दिवाणजी होते. त्यांना बिलाचं विचारलं, तर ते म्हणाले, "कसलं बिल? माझ्याकडं काहीच नाही." शेठच्या फोनमध्ये पीडीएफ पडून होती, वहीत नोंदच नव्हती. मी तिथंच त्यांना फोनवर बिल दाखवलं, तर त्यांनी तीन चुका काढल्या. बिल वडिलांच्या जुन्या फर्मच्या नावानं होतं आणि हळद पावडरचा धंदा मुलाच्या नव्या फर्ममधून चालत होता. माझा पॅन नंबर नव्हता. बँकेचा तपशीलही नव्हता, नुसता यूपीआय नंबर. "आम्ही चेक नाहीतर एनईएफटी करतो, हे कुठं टाकू?" बिल दुरुस्त करून पुन्हा दिलं आणि नऊ दिवसांत २०,००० आले.

तेव्हापासून मी पैसे मागत नाही, बिल कुठं अडकलंय ते विचारतो. दोन्हींत फरक आहे. 'पैसे द्या' म्हटलं की समोरच्याला आपण बुडवे ठरलो असं वाटतं. 'बिलात काही दुरुस्ती हवी आहे का?' म्हटलं की त्याला उत्तर देता येतं. तुमच्या मसालेवाल्यांना उद्या सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे दुकानाची पहिली गडबड ओसरल्यावर, असं लिहा:

"नमस्कार साहेब. पाच पाकिटांच्या डिझाइनचं अमुक तारखेचं बिल पुन्हा जोडलंय. फर्मचं नाव, जीएसटी नंबर बरोबर आहे ना, तेवढं कळवा. तुमचे हिशेब कोण बघतात त्यांचा नंबर दिलात तर थेट त्यांच्याकडं पाठवतो, तुम्हाला त्रास नको."

या निरोपात पैशाचा शब्द नाही, पण त्यांच्यासाठी एक छोटं काम आहे. नंबर मिळाला की पुढचा पाठपुरावा दिवाणजींकडं, मालकाशी संबंध जिथल्या तिथं. दिवाणजींना एकच विचारायचं: "पेमेंट कुठल्या वारी काढता?" बऱ्याच पेढ्यांत देणी काढायचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. त्याच्या आदल्या दिवशी आठवण केलेली उपयोगी पडते, दुसऱ्या दिवशी केलेली वाया जाते. तारीख मिळाली की लगेच लिहून टाका: "ठीक, मग १२ तारखेला." फोनवर बोलणं झालं असलं तरी ही एक ओळ पाठवायचीच. ती तारीख टळली की पुढचा निरोप आपोआप सभ्य होतो, कारण तुम्ही त्यांच्याच शब्दाची आठवण करून देत असता.

यातही ज्याला द्यायचेच नाहीत तो ओळखू येतो. तो हिशेबनिसाचा नंबर देत नाही, तारीख देत नाही, आणि तीन महिन्यांनी अचानक त्याला डिझाइन आवडेनासं होतं.

माझे उरलेले ८,००० असेच अडकले. शेठ म्हणाले, "पन्नास ग्रॅमची पुडी आम्ही छापलीच नाही, तिचे पैसे कसले?" छापली नाही हे खरं होतं. मी काम केलं होतं हेही खरं होतं. ठरलं काय होतं, हे मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी ५,००० वर मिटवलं. ते ३,००० मी माझ्या शिकवणीच्या फीत धरतो, कारण त्यानंतर मी अटी लिहायला लागलो.

अटी म्हणजे स्टँपपेपर नव्हे. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर आठ-दहा ओळी मराठीत लिहायच्या, समोरच्याचं 'मान्य' आलं की काम सुरू. इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झालेला करारही कायद्यानं करारच असतो, म्हणून ते चॅट पुसू नका. माझ्या मजकुरात या गोष्टी असतात: काय काय करून देणार (पाकिटं किती, कुठल्या मापाची), किती वेळा बदल करून देणार (मी दोनदा देतो, तिसऱ्यापासून वेगळे पैसे), फायनल झालेलं डिझाइन छापलं नाही तरी त्याचे पैसे लागू, बिल कुठल्या फर्मच्या नावानं काढायचं, आणि कुठला हप्ता कधी. फर्मचं नाव मी काम सुरू व्हायच्या आधीच लिहून घेतो. ते का, हे वर आलंच आहे.

आता ॲडव्हान्स. आपल्याकडं विसार दिल्याशिवाय साधी म्हैस ठरत नाही. तासगाव भागात विसाराच्या भरवशावर द्राक्षं घालून फसलेले शेतकरीही तुम्हाला भेटतील. म्हणून नुसता विसार घेऊन भागत नाही, माल हातातून सुटायच्या आत बाकीचेही आले पाहिजेत. ३६,००० च्या कामात मी १८,००० आधी घेतो, डिझाइन पसंत पडलं की १०,८००, आणि राहिलेले ७,२०० प्रेसला फाइल जाण्याआधी. तोवर क्लायंटला दिसते ती कमी रिझोल्यूशनची, वॉटरमार्क टाकलेली इमेज. पसंत करायला ती पुरते, छापायला नाही.

खरी खिंड इथंच असते. प्रेसवाल्याचा फोन येतो, "अहो, ओपन फाइल पाठवा, प्लेटा काढायच्यात." ओपन फाइल म्हणजे कोरलची सीडीआर. ती एकदा गेली की तुमच्या हातात काही उरत नाही, उलट पुढचे बदलही प्रेसवालाच फुकटात करून देतो. मी प्रेसवाल्याला म्हणतो, "तयार आहे, शेठच्या ऑफिसातून निरोप आला की पाच मिनिटांत पाठवतो." मग प्रेसवालाच शेठना फोन करतो, त्याला मशीन रिकामं ठेवायचं नसतं. तुमच्यापेक्षा त्याचा तगादा लवकर लागू पडतो. तरीही मी छापायची पीडीएफच देतो. ओपन फाइल हवी असेल तर तिचे पैसे वेगळे, आणि तेही अटींत लिहिलेलं असतं.

पन्नास टक्के नको म्हणणारे भेटतील. अशा वेळी टक्के कमी करू नका, काम कमी करा. "आधी एकच पाकीट करू, त्याचे ८,००० पूर्ण आधी. आवडलं तर पुढची." ८,००० लाही जो तयार होत नाही, तो ३६,००० तरी कुठून देणार होता?

कायद्याचं थोडक्यात. सरकारच्या `udyamregistration.gov.in` वर आधार आणि पॅन घेऊन बसा, उद्यम नोंदणी फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल २००६ च्या एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. कामाबद्दल तक्रार असेल तर तीही घेणाऱ्यानं १५ दिवसांत लेखी कळवायची असते. तीन महिन्यांनी 'आवडलं नाही' म्हणणाऱ्याला हे दाखवता येतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं. समजा बँक रेट ६ टक्के आहे, तर २८,००० वर चार महिन्यांचं व्याज १,७०० च्या आसपास होतं. या रकमेनं कुणी श्रीमंत होत नाही, पण बिलाच्या तळाशी उद्यम नंबर आणि ही एक ओळ असली की समोरचा सीए ती वाचतो. १ एप्रिल २०२४ पासून अशी मुदत टळलेली रक्कम पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरासाठी खर्चात धरता येत नाही, त्यामुळं मार्चमध्ये सीएच मालकाला टोकतो. मला एकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात न मागता पैसे आले ते असे.

मात्र नोंदणी कामाच्या आधीची हवी. तुमच्या या जुन्या बिलांसाठी आता नोंदणी करून तिच्यावर विसंबू नका, पुढच्यांसाठी करा. या कायद्याखाली कौन्सिलकडं तक्रारही करता येते, पण दहा-पंधरा हजारांसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. त्याआधी ईमेलवर शांत भाषेत एक शेवटचं पत्र: बिलाची तारीख, रक्कम, त्यांनी दिलेल्या तारखा, आणि 'अमुक दिवसापर्यंत पैसे न आल्यास पुढचं काम आणि फाइल दुरुस्ती थांबवावी लागेल.' नवा माल काढायच्या वेळी एमआरपी नाहीतर पत्ता बदलायचा असतोच, तेव्हा ते तुमच्याकडंच येतात.

नातेवाइकांचं वेगळं. तिथं चूक बहुतेक आपलीच असते. काम घेताना 'बघू नंतर, घरचंच आहे' म्हणतो आपण, आणि त्यांनी ते शब्दशः घेतलेलं असतं. तुम्ही त्यांना बिल दिलंय का, की नुसतं तोंडी सांगितलंय? दिलं नसेल तर आता पूर्ण दरानं काढा, त्याखाली 'घरचे म्हणून सवलत' अशी वेगळी ओळ टाकून रक्कम वजा करा आणि राहील ती मागा. सवलत कागदावर दिसली की ती त्यांना कळते, नाहीतर तोच कमी आकडा त्यांना जास्त वाटत राहतो. आणि हे बिल थेट त्यांनाच पाठवा, काकूंच्या मार्फत निरोप नको. तो निरोप वाटेत काय होईल याचा नेम नाही.