तापी कुठे जाते, हे ठाऊक असलेल्या मुलासाठी पोस्टर

प्रश्न: धुळ्यात आमच्या शाळेतर्फे पहिल्यांदाच आंतरशालेय प्रश्नमंजुषा घेतोय. नेहमीची धीट मुलं येतीलच, पण मागच्या बाकावरची लाजाळू मुलं नाव देत नाहीत. पोस्टरवर असं काय मोठं लिहावं, की त्यांनाही नाव द्यावंसं वाटेल?

उत्तर:

मथळ्यात स्पर्धेचं कौतुक करू नका, एक प्रश्न विचारा. तोही असा, की तुमच्या मागच्या बाकावरच्या मुलाच्या मनात तीन सेकंदांत उत्तर उमटलं पाहिजे. त्याखाली एकच ओळ द्या, माईकची भीती घालवणारी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते आणि तालुक्यातल्या शाळांची प्रश्नमंजुषा भरवण्याचं काम माझ्याकडे असतं. आमचं पोस्टर शेवटी असं ठरलं:

गोदावरी पूर्वेला जाते.
तापी कुठे?
माईक नाही. पाटी आहे. तिघं मिळून या.

इथवर यायला दोन चुका कराव्या लागल्या. त्या सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडूनही आधी त्याच होण्याची शक्यता आहे.

पहिल्या वर्षी आम्ही ‘ज्ञानाचा महासंग्राम’ असं लिहिलं होतं. अक्षरं लाल-पिवळी, कडेने ज्वाळा. नावं आली ती वर्गात एरवीही हात वर करणाऱ्या मुलांचीच. संग्राम म्हटलं की कुणीतरी सगळ्यांसमोर हरणार, हे वाचणाऱ्या मुलाला लगेच कळतं. लाजाळू मुलाच्या डोळ्यांसमोर बक्षीस येत नाही, त्याला दिसतो तो रंगमंचावर उत्तर चुकलेला आपला चेहरा. त्या शब्दाने आम्ही त्याला भीतीच दाखवली होती.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. ‘उत्तर येतं, पण हात वर होत नाही? ही स्पर्धा तुझ्यासाठी!’ शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांना हे फार आवडलं, मलाही. पण पोस्टर लागल्यावर त्याच्यासमोर कुणी थांबेचना. एकदा मधल्या सुट्टीत मी लांबून पाहत होते. आठवीतला एक मुलगा वाचायला थांबला, तेवढ्यात मागून दोघं जण आले, तसा तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. तेव्हा लक्षात आलं की त्या पोस्टरपुढे उभं राहणं म्हणजेच ‘मी लाजरा आहे’ असं चारचौघांत कबूल करणं. म्हणून लाजाळू, भित्रा, शांत, ‘मागच्या बाकावरचा’ यातला एकही शब्द पोस्टरवर नको. हाक त्या मुलालाच मारायची, पण त्याच्या दुखऱ्या जागेवर बोट न ठेवता.

प्रश्नाचा फायदा इथे होतो. ‘तापी कुठे?’ वाचलं की खानदेशातल्या मुलाच्या मनात ‘पश्चिमेला’ हे उत्तर आपोआप येतं. म्हणजे नाव देण्याआधीच, कुणालाही न कळता, त्याचं एक उत्तर बरोबर आलेलं असतं. त्यानंतर खालची ओळ वाचणारा मुलगा वेगळा असतो.

प्रश्न निवडताना मात्र खूप विचार करा. माझा पहिला प्रश्न होता, ‘१९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन कुठे भरलं?’ उत्तर फैजपूर, आपल्याच भागातलं, अभिमानाचं. पण ज्याला ते येत नव्हतं, तो ‘हे आपलं काम नाही’ म्हणून पुढे जायचा, आणि ज्याला येत होतं तो तसाही नाव देणारच होता. असा प्रश्न स्पर्धेत शोभतो, दारावर नाही. दारावरचा प्रश्न दहातल्या आठ मुलांना यायला हवा, पण इतकाही बाळबोध नको की उत्तर देऊन काहीच वाटू नये. तापीचा प्रश्न बरोबर मध्ये बसतो. गोदावरी, कृष्णा, भीमा पूर्वेकडे जातात आणि आपली तापी उलट दिशेने, हे मुलाला माहीत असतं. दोन्ही शेजारी मांडलेलं वाचलं की त्यातली गंमतही त्याची त्यालाच जाणवते.

धुळ्यासाठी मी थोडा बदल करीन. तुमची मुलं रोज पांझरेच्या पुलावरून जातात. म्हणून, ‘पांझरा तापीला मिळते. तापी कुणाला?’ यात आणखी एक सोय आहे. कुणी ‘समुद्राला’ म्हणेल, कुणी ‘अरबी समुद्राला’, कुणी ‘सुरतेजवळ खंभातच्या आखातात’. तिघांचंही बरोबर. पोस्टरसमोर कुणाचं चुकू नये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता दुसरी ओळ. नववीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, ‘मॅडम, माईक धरावा लागतो का?’ बक्षीस काय, अभ्यासक्रम कोणता, प्रश्न किती, यातलं काहीच तिने विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही रंगमंचावरचा माईक फक्त प्रश्न विचारणाऱ्यापुरता ठेवला. प्रत्येक संघाला एक पाटी आणि खडू. प्रश्न झाला की तीस सेकंद आपसात कुजबुज, मग पाटीवर उत्तर, घंटा झाली की सगळ्या पाट्या एकदम वर. बझर काढून टाकला, चुकल्यास गुण वजा करणंही बंद केलं. पाट्या एकदम वर गेल्या की प्रेक्षक सगळ्याच पाट्या वाचत असतात, एकट्या मुलाकडे कुणी रोखून पाहत नाही. बरोबरी सुटेपर्यंत हेच चालतं.

हे सांगायचं कारण असं की दुसरी ओळ खरी असेल तरच लिहा. ‘माईक नाही’ म्हणून बोलावलं आणि अंतिम फेरीत ‘कर्णधाराने पुढे येऊन सांगावं’ म्हटलं, तर ते मूल पुढच्या वर्षी तुमचं पोस्टर वाचणारही नाही. आधी नियम ठरवा, त्यातून ओळ काढा.

आंतरशालेय स्पर्धेत एक अडचण पोस्टरच्या पलीकडची आहे. ‘प्रत्येक शाळेतून एकच संघ’ असं आपण कळवतो, मग मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक स्टाफरूममध्येच तीन नावं ठरवून मोकळे होतात. ती कुणाची असतात हे तुम्हाला माहीत आहे. पोस्टर सगळ्यांना बोलावतंय आणि जागा आधीच भरलेल्या आहेत, हे मुलांना बरोबर समजतं. आम्ही म्हणून पहिली फेरी लेखी ठेवली आणि ती ज्या त्या शाळेतच घेतली. एकाच दिवशी, एकाच वेळी, बंद पाकिटातून प्रश्नपत्रिका. शाळेतून हवे तितके संघ बसू शकतात. कागदावर नावाऐवजी क्रमांक असतो, तपासणारे दुसऱ्या शाळेचे. प्रत्येक शाळेतला पहिला संघ पुढे येतो. शाळांना पाठवायच्या पत्रात ‘कृपया आपण संघ निवडू नयेत’ हे वाक्य स्पष्ट लिहा.

नावनोंदणीही वर्गात ‘कोण कोण भाग घेणार, हात वर करा’ असं विचारून होत असेल, तर सगळी मेहनत वाया. ग्रंथालयाच्या दाराशी एक खोका ठेवा, शेजारी चिठ्ठ्या आणि दोऱ्याला बांधलेलं पेन. चिठ्ठीवर फक्त तीन नावं आणि इयत्ता. ‘तिघं मिळून या’ या शब्दांचं कामही मोठं आहे. लाजरं मूल स्वतः निर्णय घेत नाही, पण मैत्रीण म्हणाली ‘चल गं, आपण देऊ’, की ते खोक्यापर्यंत येतं.

पोस्टरवर ‘तू’ की ‘तुम्ही’ यावर आमच्याकडे वाद झाला होता. ‘विद्यार्थ्यांनो’ म्हटलं की ते दुसऱ्या कुणालातरी म्हटल्यासारखं वाटतं, म्हणून ते नको. अहिराणीतही एक ओळ करून पाहिली, ‘तुले माहीत शे ना? मंग नाव लिख!’ घरची बोली शाळेच्या भिंतीवर पाहून काही मुलं खरंच खुलली. पण यावल-रावेरकडे लेवा बोली, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी, तिथे ही ओळ परकी वाटते. शिवाय अहिराणी फक्त हसवण्यापुरती वापरली तर मुलांना ती आपली थट्टा वाटते. धुळे तालुक्यापुरतं पोस्टर असेल तर जरूर लिहा, पण मथळ्याइतक्याच मानाने, कोपऱ्यात विनोदासारखी नको.

छपाईचंही दोन शब्दांत सांगते. दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर साधारण एक इंच उंच हवं, आणि देवनागरीत ते मात्रा-उकार सोडून मोजायचं. आडव्या ए-३ कागदाची रुंदी साडेसोळा इंच, त्यात ‘गोदावरी पूर्वेला जाते’ एका ओळीत बसतं. जाड फॉन्टमध्ये ‘र्वे’वरचा रफार आणि मात्रा एकमेकांत मिसळून डाग होतो, आणि दोन ओळी जवळ आल्या तर ‘पू’चा उकार खालच्या ‘पी’च्या वेलांटीवर टेकतो. म्हणून साधा, मध्यम जाडीचा फॉन्ट घ्या, ओळींत मोकळी जागा सोडा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये घेतो तेव्हा जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे प्रूफ कागदावर काढूनच बघा.

छापण्याआधी एक चाचणी घ्या. एरवी हात वर न करणारी पाच मुलं एकेक करून बोलवा, पोस्टर तीन सेकंद दाखवून उलटं करा आणि विचारा, ‘काय होतं त्यावर?’ मूल ‘कसलीतरी स्पर्धा’ म्हणालं तर मथळा बदला. ‘समुद्राला’ म्हणालं, म्हणजे पोस्टरऐवजी थेट उत्तरच आलं, तर छापायला द्या.

आणि उत्तर पोस्टरवर कुठेही, खाली बारीक अक्षरातसुद्धा, देऊ नका. दोन-तीन मुलं खात्री करायला तुमच्याकडे येतीलच. आमच्याकडे ती माईकची चौकशी करणारी मुलगी आली होती, जिन्यात गाठून हळूच म्हणाली, ‘पश्चिमेलाच ना, मॅडम?’ मी हो म्हटलं आणि पर्समधली कोरी चिठ्ठी तिच्या हातात दिली. खिशात चार-पाच चिठ्ठ्या कायम ठेवा.